टोटल ‘लो’ आहे, पण फ्री किती? टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट टप्प्याटप्प्याने वाचताना

दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवू. पहिला ३२ वर्षांच्या, पोट बरंच सुटलेल्या माणसाचा. टोटल टेस्टोस्टेरॉन २६०, आणि आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘लो’. दुसरा ६७ वर्षांच्या सडपातळ गृहस्थांचा. टोटल ५२०, पुढे काहीच खूण नाही. दोघांचंही एकक नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर.

आता प्रश्न असा, की पेशींना प्रत्यक्ष वापरता येईल असं टेस्टोस्टेरॉन कोणाच्या रक्तात जास्त आहे? उत्तर आहे पहिल्याच्या. आणि थोडंथोडकं नाही, जवळजवळ दीडपट. हे कसं, ते रिपोर्टवरच लिहिलेलं असतं, पण एका ओळीत नाही. चार ओळी एकत्र वाचाव्या लागतात. हा लेख पहिल्यांदाच असा रिपोर्ट हातात घेणाऱ्यासाठी आहे. मुख्य भर पुरुषांच्या रिपोर्टवर आहे, स्त्रियांच्या रिपोर्टबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

आधी पाच नावं

टेस्टोस्टेरॉन रक्तात बहुतांशी एकटं फिरत नाही, प्रथिनांना चिकटून फिरतं. त्यातलं एक प्रथिन म्हणजे सेक्स हार्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन, रिपोर्टवरचं एसएचबीजी. ते यकृतात तयार होतं आणि टेस्टोस्टेरॉनला घट्ट धरून ठेवतं. दुसरं अल्ब्युमिन. ते रक्तात भरपूर असतं, पण त्याची पकड सैल असते. या दोन्हींपासून सुटं असलेलं टेस्टोस्टेरॉन म्हणजे फ्री टेस्टोस्टेरॉन. पुरुषांत ते एकूण साठ्याच्या साधारण एक ते तीन टक्के असतं.

टोटल म्हणजे या तिन्हींची बेरीज. बायोअव्हेलेबल म्हणजे फ्री अधिक अल्ब्युमिनला चिकटलेलं, थोडक्यात एसएचबीजीच्या ताब्यात नसलेलं सगळं. पैशांच्या भाषेत सांगायचं तर एसएचबीजीकडचं टेस्टोस्टेरॉन मुदत ठेवीत आहे, अल्ब्युमिनकडचं बचत खात्यात, आणि फ्री म्हणजे खिशातली रोकड. एखाद्याची ‘एकूण संपत्ती’ मोठी दिसली तरी त्यातली बरीचशी मुदत ठेवीत अडकलेली असू शकते.

फ्री हार्मोनच पेशीत शिरतं, ही वैद्यकातली बहुमान्य धारणा आहे. ती शंभर टक्के सिद्ध नाही, काही पेशी प्रथिनासकट हार्मोन आत घेतात असंही दिसलं आहे. तरी टोटल सीमेवर असताना किंवा एसएचबीजी नेहमीपेक्षा वेगळं असताना फ्रीचा आकडा टोटलपेक्षा खरं चित्र दाखवतो, याबद्दल फारसा वाद नाही.

पहिला टप्पा: नमुना कधी आणि कसा दिला होता ते आठवा

आकडे वाचण्याआधी रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात नमुना घेतल्याची वेळ शोधा. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं. तिशी-चाळिशीतल्या पुरुषात दुपारी चारपर्यंत ते सकाळच्या मानाने २० ते २५ टक्क्यांनी उतरू शकतं. सत्तरीत हा फरक बराच कमी होतो. म्हणून नमुना सकाळी ७ ते १० च्या दरम्यान आणि उपाशीपोटी द्यायचा असतो. खाल्ल्यानंतर, विशेषतः साखर पोटात गेल्यावर, पातळी तात्पुरती खाली येते. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याची ‘सकाळ’ वेगळी असते. अशा माणसाने नमुना कधी द्यायचा ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

ताप, शस्त्रक्रिया, मोठं आजारपण यांच्या काळात घेतलेला नमुना या कामासाठी बाद धरावा. शरीर संकटात असताना टेस्टोस्टेरॉनचं उत्पादन आपोआप मंदावतं आणि बरं झाल्यावर पूर्वपदावर येतं.

एक सापळा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: बायोटिन. केस आणि नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये ते पाच-दहा मिलिग्रॅम असतं. अनेक प्रयोगशाळांतल्या यंत्रांची चाचणीपद्धत बायोटिनच्या जोडणीवर चालते, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन त्या जोडणीत घुसतं. टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत त्यामुळे आकडा खोटा वाढतो, आणि एसएचबीजीच्या चाचणीत, तिची रचना उलटी असल्याने, आकडा खोटा घटतो. हे दोन खोटे आकडे घेऊन फ्री काढलं, की तेही फुगलेलंच येणार. म्हणजे खरोखर कमी असलेला माणूस कागदावर ठणठणीत दिसेल. काही नव्या किटमध्ये हा दोष काढला आहे, पण तुमच्या प्रयोगशाळेत कोणतं किट आहे हे तुम्हाला माहीत नसतं. दोन-तीन दिवस आधी गोळी बंद करणं सोपं. मात्र एखाद्या आजारासाठी डॉक्टरांनीच बायोटिनचा मोठा डोस दिला असेल तर त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

आणि एका नमुन्यावर निर्णय नको. पहिल्या वेळी कमी आलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३० टक्के जणांचं टेस्टोस्टेरॉन पुन्हा तपासल्यावर नॉर्मल निघतं. वेगवेगळ्या दिवशी घेतलेले सकाळचे दोन नमुने, ही किमान अट.

दुसरा टप्पा: एकक बघा, मगच आकडा

टोटल टेस्टोस्टेरॉन तीन वेगवेगळ्या एककांत छापलं जातं आणि फ्री आणखी तीन. नव्या माणसाचा निम्मा गोंधळ इथेच होतो. ९, २६० आणि २.६ हे तिन्ही आकडे एकाच रक्ताचे असू शकतात. एसएचबीजी मात्र जवळजवळ सगळीकडे नॅनोमोल प्रति लिटरमध्येच येतं, म्हणून हिशोबासाठी टोटलही त्याच एककात आणणं सोयीचं.

```
टोटल:  1 nmol/L = 28.84 ng/dL
       1 ng/mL  = 100 ng/dL
फ्री:   1 ng/dL  = 10 pg/mL
       1 pg/mL  = 3.47 pmol/L
```

आपल्या दोघांचे आकडे आता असे होतात: पहिल्याचं टोटल ९, दुसऱ्याचं १८ नॅनोमोल प्रति लिटर.

टोटलची नॉर्मल मर्यादा किती, यावर प्रयोगशाळांचं एकमत नाही. लठ्ठ नसलेल्या १९ ते ३९ वयाच्या पुरुषांसाठी, प्रमाणित पद्धतीने मोजलेल्या आकड्यांवरून २०१७ साली ठरवलेली कक्षा २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० ची रेषा धरते. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासाने ११ नॅनोमोलची, म्हणजे सुमारे ३१७ ची रेषा वापरली. म्हणजे २९० आलेला माणूस एका फूटपट्टीने नॉर्मल, दुसऱ्या दोन्हींनी कमी. २०० ते ४०० च्या पट्ट्यात कोणी ‘लो’ आणि ‘नॉर्मल’ या शब्दांवरच अडून बसलं, की समजावं त्याने एसएचबीजीची ओळ वाचलेलीच नाही.

तिसरा टप्पा: एसएचबीजीची ओळ शोधा

प्रौढ पुरुषांत एसएचबीजी ढोबळमानाने १५ ते ६० नॅनोमोल प्रति लिटर असतं. मर्यादा प्रयोगशाळेगणिक थोडी हलते, म्हणून आपल्या रिपोर्टवर छापलेली कक्षाच वापरावी. आपल्या पहिल्या माणसाचं आहे १२, दुसऱ्याचं ८५.

एसएचबीजी खाली आणणाऱ्या गोष्टींत सर्वांत सामान्य म्हणजे लठ्ठपणा आणि इन्सुलिनला दाद न देणं. टाइप २ मधुमेह याच रांगेत. थायरॉइड मंदावणं, मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जाण्याचा आजार, स्टेरॉइड औषधं, आणि बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन किंवा व्यायामशाळेतली अ‍ॅनाबॉलिक इंजेक्शनं हेही त्यात येतं. उलट बाजूला वाढतं वय, अतिसक्रिय थायरॉइड, यकृताचे आजार, एचआयव्ही, फिटवरची काही जुनी औषधं आणि इस्ट्रोजेन. ही यादी पाठ करायची गरज नाही. आपल्या माणसाला यातलं काही लागू होतं का, एवढंच बघायचं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘एसएचबीजी वाढलं, त्याने टेस्टोस्टेरॉन धरून ठेवलं, म्हणून फ्री कमी झालं’ असं स्पष्टीकरण ऐकायला मिळतं आणि पटतंही. पण निरोगी शरीर असं चालत नाही. मेंदूतलं हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी ग्रंथी टोटलकडे बघत नाहीत. त्यांना सुट्या हार्मोनची चाहूल लागते. एसएचबीजी वाढून फ्री उतरलं की पिट्युटरी एलएच हे संप्रेरक जास्त सोडते, वृषण जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतं, आणि फ्री पुन्हा जागेवर येतं. फरक उरतो तो टोटलमध्ये, ते पूर्वीपेक्षा उंच होतं. एसएचबीजी घटलं तर हेच उलट: फ्री तेवढंच राहतं, टोटल खाली बसतं.

म्हणून पहिल्या माणसाचं टोटल कमी असणं यात ग्रंथींचा दोष असेलच असं नाही. एसएचबीजी इतकं कमी असताना टोटल कमीच असायला हवं. आणि दुसऱ्याचं एसएचबीजी ८५ असताना टोटल ५२० पाशी का थांबलं, हा खरा प्रश्न आहे. यंत्रणा धडधाकट असती तर ते याहून वर गेलं असतं.

चौथा टप्पा: फ्री टेस्टोस्टेरॉन कोणत्या पद्धतीने आलं?

रिपोर्टवर फ्रीचा आकडा असेलही, पण त्याच्याखाली बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते. ती वाचा.

सर्वांत विश्वासार्ह पद्धत म्हणजे इक्विलिब्रियम डायलिसिस. एका पातळ पडद्याच्या एका बाजूला रक्ताचा सीरम आणि दुसऱ्या बाजूला क्षारांचं पाणी ठेवतात. पडद्याची छिद्रं इतकी बारीक, की सुटं टेस्टोस्टेरॉन पार जातं, प्रथिनं मागे अडकतात. शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर, कित्येक तास ठेवून दोन्ही बाजू समतोल होऊ देतात आणि मग पाण्याच्या बाजूचं टेस्टोस्टेरॉन मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजतात. वेळखाऊ आणि महाग काम, म्हणून थोड्याच प्रयोगशाळा करतात.

दुसऱ्या टोकाला आहे ‘डायरेक्ट’ किंवा ‘अ‍ॅनालॉग’ पद्धत. स्वस्त, झटपट, आणि माझ्या मते न केलेली बरी. तिच्यात वापरलेला टेस्टोस्टेरॉनसारखा रेणू प्रथिनांना चिकटणार नाही असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात तिचा आकडा टोटलच्या मागेमागेच जातो. टोटल कमी तर हाही कमी, टोटल बरं तर हाही बरा. ज्या प्रश्नासाठी फ्री मोजायचं, नेमकं त्याचंच उत्तर ती देत नाही. अंतःस्रावी विकारांच्या तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही ही पद्धत टाळायला सांगतात.

पद्धत छापलेली नसेल तर नॉर्मल कक्षेवरून अंदाज बांधता येतो. फ्रीची कक्षा साधारण ८ ते २५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी छोटी दिसली, तर बहुधा ती डायरेक्ट पद्धत आहे. डायलिसिस आणि हिशोबाने काढलेल्या आकड्यांच्या कक्षा याच्या कितीतरी पट मोठ्या असतात, ५० च्या आसपास सुरू होऊन शंभराच्या बऱ्याच पुढे जातात. डायरेक्ट पद्धतीने १५ आलेल्या माणसाने कुठेतरी ‘६४ च्या खाली म्हणजे कमी’ असं वाचलं, तर तो विनाकारण हादरतो. फूटपट्टीच वेगळी आहे.

तिसरा मार्ग हिशोबाचा. टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन हे तीन आकडे नीट मोजलेले असले तर फ्री गणिताने निघतं. रोजच्या कामासाठी हाच मार्ग पुरेसा आहे, आणि तो घरी करून बघता येतो.

पाचवा टप्पा: फ्री स्वतः काढा

वर्म्यूलेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेलं समीकरण जगभर वापरलं जातं. त्याची कल्पना साधी आहे. एसएचबीजी आणि अल्ब्युमिन किती जोराने टेस्टोस्टेरॉन धरतात हे स्थिरांक ठाऊक आहेत. दोन्ही प्रथिनं किती आहेत तेही ठाऊक आहे. मग टोटलपैकी सुटं किती उरेल, हे एका वर्गसमीकरणातून मिळतं. स्प्रेडशीटमध्ये ते असं बसतं:

```
B1  टोटल, nmol/L
B2  SHBG, nmol/L
B3  अल्ब्युमिन, g/L   (माहीत नसेल तर 43)
B4  =1+36000*B3/69000
B5  =B4+B2-B1
B6  =(SQRT(B5^2+4*B4*B1)-B5)/(2*B4)
B7  =B6*B4
```

बी६ मध्ये फ्री येतं आणि बी७ मध्ये बायोअव्हेलेबल, दोन्ही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. बी६ ला १००० ने गुणलं की पिकोमोल, २८८.४ ने गुणलं की पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. अल्ब्युमिन रिपोर्टवर बहुधा ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतं. ४.३ लिहिलं असेल तर इथे ४३ भरायचं. हे विसरलं तर उत्तर भरकटतं, पण बऱ्याचदा पकडता येतं: फ्री एकूणच्या पाच-सहा टक्क्यांवर किंवा अर्ध्या टक्क्याखाली दिसलं, की आधी एककं तपासा.

पहिल्या माणसाचे आकडे भरू: ९, १२, ४३. बी४ मध्ये २३.४३ येतं, बी५ मध्ये २६.४३. वर्गमुळाचं उत्तर ३९.२७. त्यातून २६.४३ वजा केले की उरतात १२.८४, त्यांना ४६.८६ ने भागलं की ०.२७४. म्हणजे फ्री २७४ पिकोमोल प्रति लिटर, किंवा ७९ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. टोटलच्या तीन टक्के सुटं आहे.

दुसऱ्याचे: १८, ८५, ४३. बी५ आता ९०.४३ होतं, वर्गमुळ ९९.३२, फरक ८.८९, आणि फ्री ०.१९०. म्हणजे १९० पिकोमोल, किंवा ५५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. टोटल दुप्पट असून सुटं जेमतेम एक टक्का.

बायोअव्हेलेबल पाहिलं तर पहिल्याचं ६.४ आणि दुसऱ्याचं ४.४ नॅनोमोल, म्हणजे अनुक्रमे १८५ आणि १२८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. चित्र तेच. तेच असणार, कारण बी७ हे बी६ ला बी४ ने गुणूनच येतं, आणि अल्ब्युमिन नॉर्मल असेल तर बी४ बदलत नाही. रिपोर्टवर फ्री आणि बायोअव्हेलेबल दोन्ही हिशोबाने आलेले असतील आणि दोन्ही ‘लो’ असतील, तर ते दोन पुरावे नव्हेत, एकच पुरावा दोनदा छापलेला आहे. त्या दुसऱ्या ओळीसाठी वेगळे पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

मग २७४ बरं की वाईट?

फ्रीसाठी सर्वमान्य रेषा अजून नाही. जी बरीच वापरली जाते ती युरोपियन मेल एजिंग स्टडी या अभ्यासातली, २०१० साली प्रसिद्ध झालेली. मध्यमवयीन आणि वृद्ध पुरुषांत वयामुळे आलेली खरी कमतरता कशाला म्हणायचं, यासाठी त्यांनी तीन अटी एकत्र घातल्या: लैंगिक तक्रारी, टोटल ११ नॅनोमोलच्या खाली, आणि हिशोबाने काढलेलं फ्री २२० पिकोमोलच्या खाली. २२० पिकोमोल म्हणजे सुमारे ६४ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर.

या रेषेवर ठेवलं तर ‘लो’ची खूण असलेला पहिला माणूस वर आहे आणि खूण नसलेले दुसरे गृहस्थ खाली. याच अभ्यासातल्या पुरुषांवर पुढे केलेल्या विश्लेषणात असंही दिसलं, की टोटल नॉर्मल पण फ्री कमी असलेल्यांमध्ये कमतरतेची लक्षणं आढळतात, तर टोटल कमी पण फ्री नॉर्मल असलेल्यांमध्ये ती फारशी आढळत नाहीत. हे दुसऱ्या प्रकारचे लोक बहुधा लठ्ठ असतात.

म्हणून पहिल्याला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देण्याची घाई करू नये. त्याच्या एसएचबीजीचा १२ हा आकडा वजन, कंबर आणि रक्तातली साखर तपासायला सांगतोय. वजन उतरलं की एसएचबीजी वर येतं, आणि त्याबरोबर टोटलही. ३२ व्या वर्षी बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर पिट्युटरी स्वतःचं काम थांबवते आणि शुक्राणूंची संख्या कोसळते. मूल हवं असणाऱ्याला हे कोणी आधी सांगितलं नाही तर फार महागात पडतं. त्याला खरोखर लक्षणं असतील, म्हणजे इच्छा मंदावणं, सकाळची ताठरता जाणं असं काही, तर तपास पुढे न्यायचाच, पण २६० या आकड्यापुरता नाही.

हिशोब कधी फसतो

गणिताचं उत्तर भरलेल्या आकड्यांइतकंच खरं. टोटल चुकलं की सगळं चुकलं. रोजच्या इम्युनोअ‍ॅसे यंत्रांवर पुरुषांच्या मधल्या पातळ्या ठीक येतात, खालच्या पातळ्यांवर मात्र अचूकता ढासळते. शक्य असेल तर टोटल मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजून घ्यावं.

यकृताचा सिरोसिस किंवा मूत्रातून प्रथिनं जाण्याचा आजार असेल तर अल्ब्युमिनसाठी ४३ हा ठोकळ आकडा भरू नका, प्रत्यक्ष मोजलेला भरा. फार थोड्या लोकांमध्ये एसएचबीजीची रचनाच जन्मतः वेगळी असते आणि त्याची पकड सैल किंवा घट्ट असते. समीकरणाला हे कळत नाही. आकडे आणि माणूस यांचा मेळच बसत नसेल, तेव्हा डायलिसिसचा खर्च करावा. शिवाय वर्म्यूलेनचं समीकरण डायलिसिसपेक्षा थोडं जास्तच फ्री दाखवतं. त्यामुळे हिशोबाचा आकडा हिशोबावरून ठरलेल्या रेषेशीच ताडून पाहायचा, डायलिसिसच्या कक्षेशी नाही. आज एका पद्धतीने, तीन महिन्यांनी दुसऱ्या पद्धतीने मोजून ‘वाढलं’ किंवा ‘घटलं’ म्हणणंही त्याच कारणाने चूक.

स्त्रियांच्या रिपोर्टबद्दल

स्त्रियांमध्ये प्रश्न बहुधा उलटा असतो: जास्त आहे का? त्यांचं टोटल पुरुषांच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतकं, त्यामुळे साधी यंत्रं तिथे अडखळतात आणि मास स्पेक्ट्रोमेट्री जवळजवळ गरजेचीच होते. पीसीओएस या बीजकोशांशी निगडित विकारात एसएचबीजी अनेकदा खाली असतं. मग टोटल नॉर्मल दिसूनही फ्री वाढलेलं असतं, आणि पुरळ, हनुवटीवरचे केस या तक्रारी का आहेत ते कळतं. त्यांच्यासाठी फ्री अँड्रोजेन इंडेक्स नावाचा सोपा भागाकार वापरतात: टोटलला एसएचबीजीने भागून १०० ने गुणायचं, दोन्ही नॅनोमोलमध्ये. टोटल दोघींचं १.५ असेल, पण एकीचं एसएचबीजी ६० आणि दुसरीचं २० असेल, तर इंडेक्स २.५ आणि ७.५ येतो. पुरुषांसाठी हा इंडेक्स वापरू नये, त्यांच्यात तो दिशाभूल करतो. गर्भनिरोधक गोळ्या एसएचबीजी खूप वाढवतात. गोळी चालू असताना केलेली तपासणी या कामाची नाही, आणि गोळी थांबवल्यावरही साधारण तीन महिने थांबावं लागतं. अर्थात तोवर दुसरं गर्भनिरोधक लागेल, तेव्हा डॉक्टरांशी बोलूनच.

फ्री खरंच कमी निघालं तर

दुसऱ्या गृहस्थांकडे परत येऊ. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या नमुन्यातही त्यांचं फ्री कमीच आलं असं धरू. आता दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि ते मिसळू द्यायचे नाहीत.

पहिला: एसएचबीजी ८५ का? वयाने ते वाढतं, पण एवढं वाढण्याआधी थायरॉइडसाठी टीएसएच, यकृताच्या चाचण्या, एचआयव्ही आणि चालू औषधांची यादी बघावी लागते. वय झालंय म्हणून सोडून दिलं तर अतिसक्रिय थायरॉइड निसटू शकतं. वजन उतरणं, हात थरथरणं, छातीत धडधडणं असं काही सोबत असेल तर ही शंका आधी घ्यावी.

दुसरा: पिट्युटरी आणि वृषण यांनी भरपाई का केली नाही? याचं उत्तर एलएच आणि पिट्युटरीचंच दुसरं संप्रेरक एफएसएच देतात. एलएच वाढलेलं असेल तर मेंदू हाका मारतोय आणि वृषणाकडून पुरेसा प्रतिसाद येत नाही, म्हणजे अडचण वृषणात. एलएच कमी किंवा नुसतं नॉर्मल असेल तर हाकच नीट जात नाही. ‘नॉर्मल’ एलएच पाहून निश्चिंत होऊ नये. फ्री इतकं खाली असताना ते वरच असायला हवं होतं. अशा वेळी प्रोलॅक्टिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, दीर्घकाळ घेतलेली अफूवर्गीय वेदनाशामकं किंवा स्टेरॉइड, आणि गरज वाटली तर पिट्युटरीचा एमआरआय, अशा क्रमाने तपास जातो.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही नमुन्यांच्या वेळा, फ्रीची पद्धत, एसएचबीजी, अल्ब्युमिन आणि एलएच एका कागदावर लिहून न्या. सोबत चालू गोळ्यांची यादी, केसांसाठीची गोळी धरून.